डिस्टन्सची डिग्री आहे, तर रेझ्युमे आणि इंटरव्ह्यू कसा मांडायचा? अकाउंट्सवाल्यांसाठी पूर्ण प्रोसेस

पुण्यात अकाउंट्सच्या जागांसाठी मी बरीच वर्षं रेझ्युमे बघतेय, इंटरव्ह्यू घेतेय. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, इग्नू, नाहीतर आपल्या पुणे विद्यापीठाचं स्कूल ऑफ ओपन लर्निंग, इथून बी.कॉम. केलेली मुलं-मुली सारखी येतात, आणि बहुतेक जण एकच गोष्ट करतात. डिग्रीची ओळ जमेल तेवढी बारीक करून रेझ्युमेच्या तळाशी ढकलतात, "डिस्टन्स" हा शब्द गाळतात, आणि समोरच्याने विचारलं की घरची परिस्थिती सांगायला लागतात. काम मात्र चांगलं येत असतं, ते विचारायची वेळच येत नाही. म्हणून हा लेख. सगळ्या फील्डबद्दल नाही लिहीत, मला जे नीट माहितीये त्याबद्दलच, म्हणजे नोकरी करता करता बी.कॉम. केलेलं आहे आणि आता जरा मोठ्या कंपनीत, खराडी-मगरपट्टा किंवा चाकण-रांजणगाव साइडला अकाउंट्समध्ये जायचंय, अशा माणसासाठी. छोट्या, नाव न ऐकलेल्या कॉलेजातून केलंय त्यांनाही यातलं बरंचसं लागू होतं, त्यांच्यापुरती वेगळी गोष्ट मध्ये सांगतेच.

आधी डिग्रीचा कागद पक्का करा

कायद्याची बाजू एकदा समजून घ्या म्हणजे उत्तर देताना आवाज खाली जात नाही. यूजीसीचे ओपन अँड डिस्टन्स लर्निंगचे 2020 चे नियम आहेत, त्यातला नियम 22 सांगतो की मान्यता असलेल्या संस्थेतून डिस्टन्स किंवा ऑनलाइन पद्धतीने घेतलेली पदवी रेग्युलर पदवीच्या बरोबरीची धरायची. सप्टेंबर 2022 मध्ये यूजीसीने हे परत एकदा जाहीरपणे सांगितलं. पण "मान्यता असलेल्या" हे शब्द महत्त्वाचे. ही मान्यता संस्थेच्या त्या त्या कोर्सला आणि त्या त्या सत्राला असते, त्यामुळे deb.ugc.ac.in वर जाऊन तुम्ही ज्या वर्षी अ‍ॅडमिशन घेतलं त्या वर्षाच्या यादीत तुमचं विद्यापीठ आणि कोर्स आहे का ते बघा. आज यादीत असणं किंवा नसणं याचा तुमच्या डिग्रीशी संबंध नाही. ते पान सापडलं की सेव्ह करून ठेवा, पुढे लागतं.

एक अपवाद इथेच सांगते. इंजिनिअरिंगची डिग्री डिस्टन्सने घेतली असेल तर तिथे ही बरोबरी चालत नाही, काही अभिमत विद्यापीठांच्या अशा डिग्र्यांवर सुप्रीम कोर्टाने 2017 मध्येच कडक निकाल दिलाय. कॉमर्स, आर्ट्स, बीबीए, एम.कॉम. यांना तो प्रॉब्लेम नाही.

मोड लपवला की तारखा जुळत नाहीत

आता मुख्य मुद्दा. माझ्या बघण्यातली एक मुलगी आहे, तिचंच उदाहरण पूर्ण लेखभर घेते. जुलै 2019 ला बारावीनंतर लगेच भोसरीतल्या एका फॅब्रिकेशन युनिटमध्ये अकाउंट्स असिस्टंट म्हणून लागली, त्याच वर्षी मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला नाव घातलं, 2022 ला पास झाली, नोकरी चालूच. पहिल्या रेझ्युमेत तिने लिहिलं होतं बी.कॉम. 2019 ते 2022, आणि खाली अनुभव जुलै 2019 पासून आजपर्यंत. डिस्टन्स हा शब्द कुठेच नाही. आता रिक्रूटरच्या नजरेने बघा. सोमवार ते शनिवार कारखान्यात फुल टाइम नोकरी आणि त्याच तीन वर्षांत रेग्युलर कॉलेज, हे एकत्र कसं झालं? मग तो दोनपैकी एक अर्थ काढतो, एकतर अनुभव खोटा, नाहीतर कॉलेजला गेलीच नाही. म्हणजे तिचा खरा, तीन वर्षांचा अनुभवच संशयात आला, आणि तोच तर तिच्याकडचा सगळ्यात भारी माल होता.

"मुक्त विद्यापीठ, डिस्टन्स मोड" एवढं लिहिलं की दोन्ही तारखा आपोआप एकमेकींना आधार देतात. नोकरी करत होती म्हणून डिस्टन्स, डिस्टन्स होतं म्हणून नोकरी जमली. वाचणाऱ्याला काही समजावून सांगायलाच लागत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की मोड लिहाच, एका ओळीत, कुठलंही स्पष्टीकरण न जोडता:

"बी.कॉम., यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिक (डिस्टन्स मोड), 2019–2022, पूर्ण वेळ नोकरीसोबत"

बस. विद्यापीठाचं नाव मार्कशीटवर जसं छापलंय तसंच आणि पूर्ण. "वाय. सी. युनिव्हर्सिटी" असलं अर्धवट लिहू नका, ते बनावट वाटतं आणि व्हेरिफिकेशनलाही अडतं.

छोट्या कॉलेजवाल्यांनी इथे एक लक्षात घ्या. तुमचं कॉलेज जुन्नरचं असो की दौंडचं, ते पुणे विद्यापीठाशी संलग्न असेल तर डिग्री विद्यापीठ देतं, पेपर विद्यापीठाचा असतो. मग आधी "सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ" आणि त्यानंतर, त्याच ओळीत, कॉलेजचं नाव आणि गाव. कॉलेजचं नाव गाळायचं नाही, फक्त क्रम हा ठेवायचा. यात काही चलाखी नाही, डिग्रीवर जे लिहिलंय तेच आहे.

नोकरीच्या पोर्टलवर पण तसंच. नौकरीवर शिक्षण भरताना कोर्स टाइप विचारतात, फुल टाइम, पार्ट टाइम, करस्पॉन्डन्स किंवा डिस्टन्स लर्निंग. खूप जण फुल टाइम टिकमार्क करतात कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की त्याशिवाय फोन येत नाही. काही ठिकाणी त्याने फोन जास्त येतीलही, पण ते फोन ज्या कंपन्यांचे असतात त्यांना फुल टाइमच हवं असतं, आणि मग ऑफर लेटर हातात आल्यावर व्हेरिफिकेशनमध्ये मोड बाहेर येतो. त्यावेळी कंपनीचा प्रश्न डिग्रीचा राहत नाही, खोटं लिहिलं हा होतो, आणि तोपर्यंत तुम्ही जुन्या ठिकाणी राजीनामा दिलेला असतो. खरा पर्याय निवडा.

रेझ्युमेचा वरचा अर्धा भाग कामाला द्या

रेझ्युमे इंग्रजीतच लिहायचा, मी इथे मराठीत सांगतेय एवढंच. पहिला नजरेचा फेरा वरच्या अर्ध्या पानावर असतो, त्यामुळे तिथे ऑब्जेक्टिव्ह, हार्डवर्किंग, टीम प्लेअर यातलं काहीच नको. नाव आणि नंबरच्या खाली दोन ओळी: काय काम करता, किती वर्षं, कशावर. मग अनुभव. शिक्षण त्याच्या खाली.

अनुभवाच्या ओळी कशा काढायच्या ते या मुलीवरच दाखवते. तिने लिहिलं होतं "जीएसटीचं काम बघते, टॅलीमध्ये एन्ट्री करते, व्हेंडरशी बोलते." हे वाचून कोणालाही काहीच कळत नाही कारण हे पुण्यातला प्रत्येक अकाउंट्स असिस्टंट लिहितो. मी तिला विचारलं की महिन्यात तुझं सगळ्यात डोकं खाणारं काम कुठलं? ती म्हणाली 2बी चं मॅचिंग. मग विचारत गेले.

तिच्या युनिटला साधारण 60 व्हेंडर, महिन्याला 180 च्या आसपास खरेदीची बिलं. त्या बिलांवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट कंपनीला हवं असतं, पण जानेवारी 2022 पासून नियम असा आहे की व्हेंडरने त्याच्या रिटर्नमध्ये ते बिल दाखवलं आणि ते आपल्या जीएसटीआर-2बी मध्ये आलं तरच क्रेडिट. महिन्याच्या महिन्याला रिटर्न भरणाऱ्या व्हेंडरची जीएसटीआर-1 ची तारीख 11, आपला 2बी तयार होतो 14 ला, आणि आपल्याला 3बी भरायचा 20 ला. ऑफिसात सगळे 14 नंतर जागे व्हायचे, 2बी डाउनलोड करायचे, कमी आलेली बिलं शोधायचे आणि मग व्हेंडरला फोन, "अहो बिल टाकलं नाही तुम्ही." तोपर्यंत त्याची 11 गेलेली, म्हणजे ते क्रेडिट पुढच्या महिन्यावर. असे महिन्याला सरासरी 1 लाख 40 हजार अडकायचे.

तिने दोन गोष्टी केल्या. एक, फॉलोअप 14 च्या नंतरचा उचलून 5 तारखेला आणला, प्रत्येक व्हेंडरला त्याच्या गेल्या महिन्याच्या बिलांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर, "11 च्या आत ही सगळी येऊ द्या." दुसरी गोष्ट जास्त हुशारीची. काही छोटे व्हेंडर दर महिन्याला नाही, तिमाहीला रिटर्न भरतात, त्यांनी मधल्या दोन महिन्यांत आयएफएफ या सोयीतून 13 तारखेपर्यंत बिल टाकलं नाही तर ते तिमाही संपल्यावरच दिसतं. अशा व्हेंडरची तिने वेगळी यादी केली, त्यांना आयएफएफची आठवण वेगळी, आणि जे ऐकतच नाहीत त्यांचं क्रेडिट उशिरा येणार हे आधीच धरून साहेबांना सांगितलेलं. आठ महिन्यांत अडकलेली रक्कम 1 लाख 40 हजारांवरून 25 हजारांवर आली.

हे तिच्या रेझ्युमेत नव्हतंच! तिला वाटत होतं हे सगळेच करतात. नवीन ओळ अशी झाली:

"दरमहा सुमारे 180 खरेदी बिलांचं 2बी शी मॅचिंग, फॉलोअप 11 तारखेआधी आणून आणि तिमाही व्हेंडरची वेगळी यादी करून न जुळलेलं क्रेडिट 8 महिन्यांत 1.4 लाखांवरून 25 हजारांवर."

तुमच्या कामातून अशी ओळ काढताना तीन गोष्टी हव्यात: आधी किती होतं, नंतर किती झालं, आणि मध्ये *तुम्ही* नेमकं काय बदललं. तिसरी नसेल तर आकडा लिहू नका, कारण इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न तोच येतो, आणि तिथे अडखळलात तर बाकीचे आकडेही खोटे धरले जातात. आकडा आठवत नसेल तर जुने मेल, महिन्याच्या शीट्स उघडून बघा, अंदाजे असेल तर "सुमारे" लिहा. कंपनीची उलाढाल, व्हेंडरची नावं, रेट यातलं काही लिहायचं नाही. अशा दोन, फार तर तीन ओळी पुरेत, दहा केल्यात तर एकही लक्षात राहत नाही.

उघडून दाखवता येईल अशी एक फाइल

हा भाग लोक सोडून देतात आणि मला विचाराल तर डिस्टन्सवाल्याला सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. "मला एक्सेल येतं" आणि "ही बघा" यात फार फरक पडतो. आधीच सांगते, कंपनीचा डेटा अजिबात घ्यायचा नाही, नावं बदलूनही नाही. दुसऱ्या कंपनीची माहिती खिशात घेऊन फिरणाऱ्याला अकाउंट्समध्ये कोण घेईल? डेटा स्वतः बनवा, खोटे 15 व्हेंडर, 40 बिलं, एक संध्याकाळ लागेल.

शीट दोनच मुख्य, एक खरेदी रजिस्टर आणि एक 2B. दोन्हींत कॉलम तेच: A मध्ये जीएसटी नंबर, B मध्ये बिल नंबर, C तारीख, D करपात्र रक्कम, E टॅक्स. F मध्ये दोन्ही शीटला एक जोड-की करा, म्हणजे जीएसटी नंबर आणि बिल नंबर एकत्र, कारण नुसत्या बिल नंबरवर शोधलं तर दोन व्हेंडरचा 45 नंबर एकमेकांत मिसळतो:

```
F2:  =A2&"|"&B2
```

मग खरेदी रजिस्टरमध्ये G कॉलमला 2B मधला टॅक्स आणा:

```
G2:  =XLOOKUP(F2,'2B'!F:F,'2B'!E:E,"2B मध्ये नाही")
```

आणि H मध्ये निकाल, एक रुपयापर्यंतचा राउंडिंगचा फरक सोडून:

```
H2:  =IF(ISTEXT(G2),"फॉलोअप",IF(ABS(E2-G2)<=1,"जुळलं","रक्कम वेगळी"))
```

जुन्या एक्सेलमध्ये, म्हणजे 2019 किंवा त्याआधीच्या, XLOOKUP चालत नाही आणि टेस्ट घेताना कित्येक ऑफिसांत तेच असतं, त्यामुळे INDEX आणि MATCH ने हेच करायचा सराव ठेवा.

खरी गंमत यानंतर येते. डेटा बनवताना मुद्दाम त्रासदायक बिलं टाका: आपल्याकडे "045" आणि व्हेंडरने "INV/23-24/45" टाकलंय, एका ठिकाणी नंबरपुढे स्पेस, एक बिल 2B मध्ये आहे पण आपल्या रजिस्टरमध्ये नाही. वरचा फॉर्म्युला शेवटचं बिल पकडणारच नाही कारण तो एकाच दिशेने शोधतो, त्यासाठी 2B च्या शीटवरून उलटं शोधायला लागतं. हे तुम्हाला माहितीये आणि तुम्ही ते केलंय, हे बघून समोरच्याला कळतं की या माणसाने खरंच दर महिन्याला हे काम केलंय. सगळं पहिल्या फटक्यात जुळणारी फाइल क्लासमधली वाटते. शेवटी एक छोटी समरी, चार ओळींची, किती जुळलं, किती रक्कम वेगळी, किती फॉलोअपला, किती आपल्या बुकात नाही. फाइल ड्राइव्हवर ठेवा, फक्त बघता येईल अशी परवानगी द्या, लिंक रेझ्युमेत त्या ओळीच्या शेजारीच. आणि लॅपटॉप नाहीतर मोबाइलमध्येही ठेवा, इंटरव्ह्यूच्या खोलीत वायफाय मिळेलच असं नाही.

"डिस्टन्स का केलं?"

हा प्रश्न येणारच, आणि तो दरवेळी खवचट नसतो, बऱ्याचदा समोरचा नुसती तारीख जुळवत असतो. उत्तर अर्ध्या मिनिटाचं हवं. या मुलीचं आम्ही ठरवलेलं उत्तर:

"बारावीनंतर मी भोसरीत अकाउंट्सला लागले आणि त्याच वेळी मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलं, 2022 ला झालं. त्यामुळे डिग्री हातात आली तेव्हा तीन वर्षांचं टॅली आणि जीएसटीचं काम झालेलं होतं. त्यातलं 2बी चं मॅचिंग मी कसं करते ते दाखवू का सर?"

वडिलांचं आजारपण, फी परवडली नाही, रेग्युलरलाच जायचं होतं पण, हे खरं असलं तरी इथे नको. त्याने बोलणं सहानुभूतीकडे जातं आणि तिथून कामाकडे परत आणणं फार अवघड. शेवटचा प्रश्न सोडू नका, "दाखवू का" म्हटलं की नव्वद टक्के वेळा समोरचा "दाखवा" म्हणतो आणि पुढचा इंटरव्ह्यू तुमच्या फाइलवर होतो.

जोडप्रश्न येतील. "लेक्चर किती अटेंड केले?" जितके केले तितकेच सांगा, "संपर्क सत्रं रविवारी असायची, जमतील तेवढी केली, बाकी पुस्तकावरून." "थिअरी कच्ची असेल ना?" याला वाद नको, "विचारा ना" म्हणा, पण मग एन्ट्री पक्क्या पाहिजेत. डेप्रिसिएशन, आउटस्टँडिंग खर्च, प्रीपेड, बँक रिकन्सिलिएशन, टीडीएसची एन्ट्री, हे झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे. ऑक्टोबर 2024 पासून पोर्टलवर आलेल्या इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिमबद्दलही आता विचारतात, 2बी चं काम करता असं लिहिलंत तर ते माहिती हवंच.

कुठे अर्ज करायचा, आणि कुठे अडतंय ते कसं ओळखायचं

काही जाहिरातींत स्पष्ट लिहिलेलं असतं, फक्त फुल टाइम रेग्युलर ग्रॅज्युएट. खराडी-हिंजवडीच्या काही मोठ्या कंपन्यांत ही अट वरून आलेली असते आणि पुण्यातला मॅनेजर ती बदलू शकत नाही, तुमची फाइल कितीही चांगली असली तरी. तिथे वेळ घालवू नका. जाहिरातीत काहीच नसेल तर पहिल्याच फोनवर एचआरला सरळ विचारा, "मॅडम, माझं बी.कॉम. डिस्टन्सचं आहे, यूजीसी मान्यता आहे, या जागेला चालेल ना?" नाही म्हणाल्या तर तुमची अर्धी सुट्टी वाचली. याउलट सीए फर्म, चाकण-भोसरी-रांजणगावचे मध्यम कारखाने, एक्सपोर्टवाले, इथे माणूस पहिल्या दिवसापासून काम करणारा हवा असतो आणि मोडचं फारसं कोणी विचारत नाही. अशा ठिकाणी पोर्टलपेक्षा ओळखीतून थेट अकाउंट्स मॅनेजरकडे रेझ्युमे आणि फाइलची लिंक गेली तर बरं, कारण एचआरला 2बी ची ओळ वाचून जे कळणार नाही ते त्याला एका नजरेत कळतं.

दर अर्जापुढे कुठपर्यंत पोचलात ते लिहून ठेवा. फोनच येत नसतील तर एकतर चुकीच्या कंपन्या किंवा रेझ्युमेचा वरचा भाग. फोन येऊन पुढे जात नसेल तर डिग्रीचं उत्तर लांबतंय. टेस्टला किंवा टेक्निकल राउंडला अडत असेल तर डिग्रीला दोष देऊ नका, एक्सेल आणि एन्ट्रीवर बसा. हा फरक न करता "डिस्टन्समुळे होत नाही" म्हणत राहिलं की नेमकं काय सुधारायचं तेच कळत नाही.

ऑफर आल्यावर

व्हेरिफिकेशन एजन्सी विद्यापीठाकडे तुमचा पीआरएन किंवा एनरोलमेंट नंबर, पास झाल्याचं वर्ष पाठवून विचारते आणि उत्तराला वेळ लागू शकतो. तुमच्याकडे तिन्ही वर्षांच्या मार्कशीट, पदवी प्रमाणपत्र, ते नसेल तर पासिंग सर्टिफिकेट, आणि ते सुरुवातीला सेव्ह केलेलं मान्यतेचं पान एकाच पीडीएफमध्ये तयार असू द्या, डिजीलॉकरवर येत असेल तर तेही. नावात फरक असेल, लग्नानंतरचं नाव, आडनावाचं स्पेलिंग, तर गॅझेट किंवा अ‍ॅफिडेव्हिट आधीच काढून ठेवा. जॉइनिंग फॉर्ममध्ये पास झाल्याचा महिना शेवटच्या मार्कशीटवरचा लिहा, पदवी प्रमाणपत्रावर बऱ्याचदा नंतरची तारीख असते आणि तेवढ्यावरून फाइल अडते. आणि मोडच्या रकान्यात तेच, जे रेझ्युमेत आणि पोर्टलवर लिहिलंय. तिन्ही ठिकाणी एकच शब्द आहे ना, हे सही करायच्या आधी एकदा समोरासमोर ठेवून बघा.